सभासदांचं चिनी झालं तेव्हा

तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयातून संध्याकाळी फोन आला. ग्रंथपाल बाई घाबरल्या होत्या. “दादा, सगळ्या सभासदांचं चिनी झालंय हो. उद्या दिवाळी अंकांची लेबलं छापायचीत.” त्यांच्या वाचनालयाच्या प्रोग्राममधून सभासदांची यादी CSV फाईल म्हणून बाहेर काढता येते. ती त्यांनी डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली होती. मी म्हटलं, पत्त्याच्या रकान्यात गावाचं नाव काय दिसतंय ते वाचून दाखवा. त्यांनी फोटोच पाठवला. पुणे असायला हवं होतं तिथे हे होतं:

```
à¤ªà¥à¤£à¥‡
```

ते बघून मी निश्चिंत झालो. हा कचरा दिसायला भयंकर, पण त्यात अक्षरं जशीच्या तशी आहेत. फोटोत `????` दिसलं असतं, तर मात्र वाईट बातमी द्यावी लागली असती.

CSV ही अगदी साधी मजकूर फाईल असते. रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेले, बाकी काही नाही. फाँट नाही, रंग नाही, आणि आपला मजकूर कोणत्या लिपीत, कोणत्या पद्धतीने लिहिलाय याची नोंदही नाही. आत असतात फक्त बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे. ते आकडे कोणत्या तक्त्याने वाचायचे हे उघडणाऱ्या प्रोग्रामने ठरवायचं. आजकालचे बहुतेक प्रोग्राम UTF-8 नावाच्या पद्धतीने लिहितात. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसतं. काना, मात्रा, उकार ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘पुणे’ म्हणजे प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं, म्हणून बारा बाइट.

एक्सेलला फाईलच्या सुरुवातीला काही खूण दिसली नाही, की तो विंडोजचा जुना तक्ता काढतो. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर तो पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेला Windows-1252 असतो. त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. मग बारा बाइटांची बारा अक्षरं होतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो आणि त्या तक्त्यात तो `à` म्हणून वाचला जातो. दुसरा बाइट दोनपैकी एक: `¤` किंवा `¥`. स्वर, व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी `¤` च्या घरात राहतात. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त आणि देवनागरी आकडे `¥` च्या घरात. खरी ओळख तिसऱ्या बाइटात. म्हणूनच हा कचरा सगळीकडे सारखाच दिसतो: `à¤` आणि `à¥` यांची रांग. एकदा डोळ्यांना सवय झाली की लांबून कळतं, ही देवनागरी आहे, नुसती चुकीच्या चष्म्यातून वाचली गेलीय.

वरचं ‘पुणे’ नीट मोजलंत तर बाराऐवजी अकराच खुणा सापडतील. उकाराचा तिसरा बाइट असा आहे की जुन्या तक्त्यात त्याच्या जागी काहीच नाही. तो अदृश्य होऊन बसतो. हलन्ताचंही तेच, ए आणि झ यांचंही तेच. ठ चा तिसरा बाइट एका विशेष मोकळ्या जागेसारखा दिसतो. म्हणून असा कचरा हाताने साफ करायला जाऊ नये. कुणीतरी ‘उगाच पडलेल्या’ स्पेस काढून टाकतो आणि ठाण्याचा ठ कायमचा जातो.

बाईंचं काम सोपं होतं. मूळ फाईल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये शाबूत होती, फक्त ती दारातून नीट आत आणायची होती. त्यांना सांगितलं, ती फाईल बंद करा आणि सेव्ह करायचं का विचारलं तर नाही म्हणा. मग कोरी वर्कबुक उघडा. वर `Data`, त्यात `From Text/CSV`, आणि मूळ फाईल निवडा. एक खिडकी येते, तिच्यात यादीचा नमुना दिसतो. `File Origin` च्या यादीतून `65001: Unicode (UTF-8)` निवडलं की त्याच खिडकीत नावं देवनागरीत येतात. नमुन्यात नावं सुधारली नाहीत, तर `Load` दाबायचंच नाही.

त्याच खिडकीत `Data Type Detection` असं आणखी एक खोडसाळ खातं आहे. एक्सेलला वाटतं आपण मदत करतोय, म्हणून तो आकड्यांसारखं दिसणारं सगळं आकड्यात बदलतो. सभासद क्रमांक 00457 चा 457 होतो. तिथे `Do not detect data types` निवडावं. त्यामुळे कधीकधी वर Column1, Column2 अशी ओळ येते. टेबल साध्या रेंजमध्ये बदलून ती ओळ काढून टाकली की झालं. लिब्रऑफिस कॅल्क वापरणाऱ्यांचं यात बरं आहे. तिथे CSV उघडताना ही विचारपूस आधीच होते आणि `Character set` मध्ये UTF-8 निवडता येतं.

इतकं सगळं पाच मिनिटांत झालं. मग बाई म्हणाल्या, “पण दादा, भाच्याने काल एक फाईल दुरुस्त करून ठेवलीय. त्यात मी सगळ्यांचे नवे मोबाईल नंबर टाकलेत.”

भाच्याने कुठेतरी वाचलं होतं की मराठीसाठी फाईल UTF-8 मध्ये सेव्ह करावी. सल्ला बरोबर, वेळ चुकीची. त्याने समोर `à¤ª` दिसत असताना `CSV UTF-8` निवडून सेव्ह केलं. एक्सेलने ऐकलं. त्याच्या दृष्टीने मजकूर `à`, `¤`, `ª` हाच होता, आणि त्याने तो मनापासून UTF-8 मध्ये लिहिला. आता ‘प’ चे तीन बाइट उरले नाहीत, सहा झाले. अशी फाईल कितीही योग्य पद्धतीने, 65001 निवडून उघडली तरी `à¤ª` च दिसणार, कारण आता खरोखर तेच लिहिलेलं आहे. याची खूण म्हणजे फाईलचा आकार. मजकूर तोच असून आकार मूळच्या जवळपास दुप्पट झाला असेल, तर रोग हाच.

हे उलटं फिरवता येतं आणि त्याला विंडोजचं नोटपॅड पुरतं. आधी फाईलची प्रत काढून ठेवायची. प्रत नोटपॅडमध्ये उघडायची, `Save As` मध्ये खाली `Encoding` ला `ANSI` निवडून वेगळ्या नावाने सेव्ह करायची. ANSI म्हणजे तोच जुना तक्ता. `à` परत एका बाइटाचा होतो, `¤` ही एकाचा, आणि ‘प’ चे मूळ तीन बाइट जागेवर येतात. ही नवी फाईल बंद करून पुन्हा उघडताना `Encoding` ला `UTF-8` निवडलं की पुणे दिसतं. त्या अदृश्य बाइटासकट.

एक अट मात्र आहे. मधल्या काळात कुणी त्या कचऱ्यात खरी देवनागरी टाईप केली असेल, तर ANSI च्या तक्त्यात तिला जागा नाही. नोटपॅड तशी सूचना देतं. तरीही पुढे गेलात तर त्या अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. बाईंनी नशिबाने मोबाईल नंबर इंग्रजी आकड्यांत टाकले होते, त्यामुळे काही गेलं नाही.

ती प्रश्नचिन्हं म्हणजेच मी सुरुवातीला म्हटलेली वाईट बातमी. ती बहुतेक वेळा एक्सेलमधूनच येते. सगळं छान दिसतंय, काम झालंय, आणि सेव्ह करताना यादीतलं नुसतं `CSV (Comma delimited)` निवडलं जातं. ते जुन्या तक्त्यात लिहितं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह `?` होऊन बसतं, आणि `?` हा खराखुरा `?` असतो. त्यातून पुणे कुठलं आणि पणजी कुठली हे कोणीच सांगू शकत नाही. एक्सेल बंद करेपर्यंत पडद्यावर नावं नीटच दिसतात, म्हणून लक्षात येतं ते दुसऱ्या दिवशी. उघडी असलेली वर्कबुक अजून बंद केली नसेल तर लगेच पुन्हा नीट सेव्ह करावं. नाहीतर मूळ प्रोग्राममधून यादी परत काढण्यावाचून इलाज नाही.

म्हणून काम चालू असताना फाईल एक्सेलच्या स्वतःच्या xlsx रूपातच ठेवावी. तिथे हा प्रश्नच येत नाही. CSV बाहेर द्यायची वेळ आली की `Save As` मध्ये `CSV UTF-8 (Comma delimited)` निवडावं. जुन्या एक्सेलमध्ये हा पर्याय नसतो. तिथे `Unicode Text` म्हणून सेव्ह करून, नोटपॅडमध्ये उघडून UTF-8 करून घ्यावं लागतं. त्यात रकान्यांमध्ये स्वल्पविरामाऐवजी टॅब येतो, तेवढं ध्यानात ठेवायचं.

एक वेगळाच आजारही या रांगेत घुसतो. मजकूर जुन्या फाँटमध्ये, समजा कृतिदेवमध्ये टाईप केलेला असेल तर ‘मराठी’ च्या जागी `ejkBh` दिसतं. तिथे बाइट चुकीचे वाचले गेलेले नाहीत, आत खरोखर इंग्रजी अक्षरंच आहेत. त्यावर 65001 चा उपयोग नाही, त्या फाँटचा कन्व्हर्टरच लागतो.

`CSV UTF-8` निवडल्यावर एक्सेल फाईलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइट जास्तीचे लिहितो: `EF BB BF`. ही खूण दिसली की पुढच्या वेळी डबल क्लिक केलं तरी देवनागरी नीट येते. वाचनालयाचा प्रोग्राम करून देणाऱ्या माणसाला मी एवढंच सांगायला लावलं, की यादी बाहेर काढताना हे तीन बाइट आधी लिही. त्याने ते केलं आणि डबल क्लिकचा त्रास संपला.

पण महिन्याभराने बाईंचा पुन्हा फोन. सभासदांना एसएमएस पाठवायची साइट म्हणत होती, ‘नाव’ नावाचा रकानाच सापडत नाही. रकाना तर पहिलाच होता, डोळ्यांना दिसत होता. त्या साइटने ते तीन बाइट पहिल्या शीर्षकाचाच भाग धरले होते, त्यामुळे तिच्या लेखी तो ‘नाव’ नव्हताच. नोटपॅडमध्ये `UTF-8 with BOM` ऐवजी नुसतं `UTF-8` निवडून सेव्ह केलं आणि साइटने यादी घेतली. आता बाई दोन फाईली ठेवतात. एकीच्या नावात ‘एक्सेलसाठी’ आहे, दुसरीच्या ‘एसएमएससाठी’.