आठ लाख कसे मागायचे?

वाढीव निधी मागणारं पत्र बहुतेक वेळा ‘अनपेक्षित कारणांमुळे खर्च वाढला आहे’ या वाक्यापासून सुरू होतं आणि तिथेच फसतं. देणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच. जे झालं ते एकदाच झालं, की पुढेही होतच राहणार?

एक उदाहरण घेऊ. गावातल्या शाळेला आठ वर्गखोल्या बांधायच्या आहेत. एका कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून कामासाठी ८० लाख आणि आकस्मिक खर्चासाठी ३ लाख मंजूर केले आहेत. जानेवारीअखेर ४५ लाख खर्च झालेत. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, कारण एवढ्या पैशांत काम किती झालं ते त्यात दिसत नाही. म्हणून मोजमाप वही काढायची आणि झालेल्या कामाची किंमत मूळ अंदाजपत्रकाच्या दराने लावायची. ती निघते ३६ लाख. म्हणजे तफावत ९ लाखांची. झालेल्या कामाचं असं मोल काढून खर्चाशी ताडण्याची शिस्त अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये आपल्या कंत्राटदारांना लावली. शाळेच्या बांधकामालाही ती तितकीच लागू पडते.

इथे एक चूक हमखास होते. स्लॅबसाठी आणून ठेवलेली सळई खर्चात धरली जाते, पण ती अजून बांधलेली नसल्यामुळे कामात येत नाही. मग तफावत आहे त्याहून मोठी दिसते. पडून असलेला माल आधी बाजूला काढावा. आपल्या ४५ लाखांतून तो वगळलेला आहे.

आता गणिताच्या दोन वाटा आहेत. ३६ लाखांच्या कामाला ४५ लाख लागले, तेव्हा उरलेलं कामही त्याच प्रमाणात महागेल असं धरलं तर एकूण खर्च १ कोटीवर जातो. यापुढे सगळं अंदाजपत्रकाप्रमाणे होईल असं धरलं तर तो ८९ लाखांवर थांबतो. मधलं अंतर ११ लाखांचं आहे. आपल्याला सोयीचा आकडा उचलायचा मोह इथेच होतो. खरा आकडा कारणं सुटी केल्यावरच मिळतो.

पायाला ६ लाख जास्त गेले. चाचणीच्या खड्ड्यात पाच फुटांवर मुरूम लागला होता, पण इमारतीच्या मागच्या बाजूला नऊ फुटांपर्यंत काळी मातीच निघाली. पावसात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या त्या मातीवर पाया ठेवता येत नाही. खोदाई वाढली, काँक्रीट वाढलं. हा खर्च संपला, तो पुन्हा येणार नाही. उरलेले ३ लाख सळई आणि सिमेंटच्या दरवाढीचे. पायावरच्या २४ लाखांच्या कामावर ते पडले, म्हणजे साडेबारा टक्के. ही वाढ पुढेही राहील, पण १६ लाखांच्या स्लॅबच्या कामापुरतीच, म्हणून आणखी २ लाख. गिलावा, फरशी, दारं-खिडक्या आणि वायरिंग या २८ लाखांच्या कामाचे दर करारात ठरलेले आहेत. एकूण वाढ ११ लाख. त्यात राखीव ३ लाख आधी वापरायचे आणि ८ मागायचे. यानंतर राखीव शिल्लक शून्य राहते, हेही पत्रात स्पष्ट लिहावं.

पत्राचा गाभा मग असा होतो:

‘आठही खोल्या पूर्ण करण्यासाठी ८ लाखांची वाढीव मंजुरी मिळावी, ही विनंती. ती शक्य नसल्यास स्लॅब सर्व खोल्यांवर टाकून सहाच खोल्या पूर्ण करू. दोन खोल्यांच्या अंतर्गत कामाचे ७ लाख वाचतील, तरीही १ लाख लागेल. त्या दोन खोल्या नंतर पूर्ण करताना मजूर पुन्हा आणावे लागतील आणि दर त्या वेळचे असतील. आमची शिफारस पहिल्या पर्यायाची आहे.’

गच्चीचं वॉटरप्रूफिंग गाळण्यासारखा तिसरा पर्याय केवळ यादी भरायला देऊ नये. देणाऱ्याने तोच निवडला, तर पहिल्याच पावसात वर्ग गळतील.

‘तुमच्याकडे अजून ३८ लाख आहेत, मग आत्ताच का?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर पत्रातच असावं. पैसे शेवटच्या टप्प्यात संपतील, पण दारं-खिडक्यांची ऑर्डर मार्चच्या सुरुवातीला द्यायची आहे. आठ खोल्यांची द्यायची की सहा, हे तेव्हाच ठरतं. म्हणून आत्ता हवी ती लेखी मंजुरी. रक्कम एप्रिलमध्ये, नव्या आर्थिक वर्षात दिली तरी चालेल. कंपनीचा सामाजिक दायित्वाचा खर्च वर्षागणिक ठरतो, त्यामुळे ही एक ओळ तिथल्या समितीचं काम बरंच सोपं करते.