मसाला जर्मनीला, पण लेबल कोण लिहिणार? भाषांतर सेवा निर्यातदाराला विकण्याचं गणित

परभणी–पूर्णा रेल्वेमार्गावरच्या पिंगळीतून आखाती देशांत किंवा युरोपात थेट माल पाठवायचा म्हटलं, की परवाने आणि वाहतुकीची चर्चा आधी होते. पाकिटावरच्या मजकुराची आठवण छपाईच्या आदल्या दिवशी होते. भाषांतराचं काम करणाऱ्यांसाठी संधी इथेच आहे. पण ‘आम्ही ४० भाषांत भाषांतर करतो’ असा मेल पाठवून हे काम मिळत नाही.

निर्यातदाराला नेमकं काय हवं असतं?

त्याला हवं असतं परदेशात न अडकणारं पाकीट. त्यामुळे प्रस्ताव पाठवण्याआधी त्याचं सध्याचं लेबल मिळवून वाचायचं आणि पहिल्याच मेलमध्ये त्यातल्या दोन-तीन अडचणी दाखवायच्या.

समजा, पिंगळीतल्या एका गटाला १०० ग्रॅमचा काळा मसाला जर्मनीतल्या दुकानांत ठेवायचा आहे. युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमानुसार लेबल तिथल्या ग्राहकाला सहज कळेल अशा भाषेत लागतं, म्हणजे इथे जर्मनमध्ये. गटाच्या इंग्रजी लेबलवर घटकांत फक्त ‘हिंग’ लिहिलं आहे.

एका शब्दात काय अडतं?

‘हिंग’चं जर्मन भाषांतर अर्ध्या मिनिटात होईल. पण बाजारातला बांधणी हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ असतं. मैदा असेल, तर गहू हा घटक जाहीर करावाच लागतो. युरोपीय नियमांत ॲलर्जी होऊ शकणाऱ्या १४ घटकांची यादी आहे. त्यातला गव्हासारखा घटक कितीही थोडा वापरला, तरी घटकांच्या यादीत तो ठळक अक्षरात किंवा इतर शब्दांपेक्षा वेगळा दिसायला हवा. मोहरीही या यादीत आहे. म्हणून भाषांतरकाराने आधी विचारायचं: ‘तुमच्या हिंगात कोणतं पीठ आहे? पुरवठादाराचं घटकपत्रक पाठवाल का?’

तारखेचंही तसंच. भारतीय पाकिटावर ‘एक्स्पायरी/यूज बाय’ असते. युरोपात ‘यूज बाय’ची तारीख उलटलेला माल असुरक्षित धरला जातो. कोरड्या मसाल्याला तिथे ‘या तारखेपर्यंत उत्तम’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग लागतो. शब्दशः भाषांतर केलं, तर खाण्याजोगा माल कागदोपत्री बाद ठरतो.

डिझाइनमध्ये काय बघायचं?

जर्मन मजकूर इंग्रजीपेक्षा साधारण पाव हिश्श्याने लांबतो. तो बसवायला डिझायनर अक्षर लहान करतो. पण इंग्रजी छोट्या ‘एक्स’इतकी अक्षराची उंची किमान १.२ मिलिमीटर हवी. पाकिटाची सर्वांत मोठी बाजू ८० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तरच ०.९ चालते.

अरबीत वेगळा धोका आहे. जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमाने पडतात. अरबी येत नसलं तरी हे ओळखता येतं. मूळ फाइलमध्ये जोडलेली अक्षरं छपाईच्या फाइलमध्ये तुटलेली दिसली, तर फाइल परत पाठवायची.

खर्च वाचवणारा सल्लाही इथेच देता येतो. छापील पाऊचसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर बनतो. सगळा मजकूर फक्त काळ्या रंगात ठेवला, तर भाषा बदलताना एकच सिलिंडर बदलावा लागतो. माल कमी असेल, तर आयातदाराशी बोलून स्टिकरचा पर्याय स्वस्त पडतो.

दर कसा सांगायचा?

लेबलवर ११० शब्द आहेत आणि दर शब्दाला ५ रुपये धरला, तर बिल ५५० रुपये होतं. एवढ्यात दुसऱ्या जाणकाराकडून वाचन आणि छपाईच्या फाइलची तपासणी परवडत नाही. त्यामुळे शब्दावर नको, लेबलवर दर सांगावा. त्यात घटकांची प्रश्नावली, भाषांतर, दुसरं वाचन आणि छपाईपूर्व फाइलची एक तपासणी असं चार गोष्टींचं नाव घेऊन लिहावं. कॅटलॉगमध्ये शब्द जास्त असतात, तिथे शब्दाचा दर चालतो. लेबलवर ठरलेले शब्दच कॅटलॉगमध्ये आले पाहिजेत, म्हणून शब्दसूची सोबत द्यावी.

पहिला मेल एवढाच पुरे: ‘तुमच्या लेबलवर हिंगातल्या पिठाचा उल्लेख नाही आणि तारखेचा शब्द जर्मनीसाठी बदलावा लागेल. छपाईआधी पूर्ण लेबल तपासून जर्मनमध्ये देऊ. दर आणि मुदत सोबत जोडली आहे.’

हमी कशाची द्यायची नाही?

माल सीमाशुल्कातून सुटेलच, अशी हमी भाषांतरकाराने देऊ नये. युरोपात विकल्या जाणाऱ्या अशा पाकिटावर तिथल्या आयातदाराचं नाव-पत्ता असतो आणि लेबलची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून अंतिम फाइलवर त्याची लेखी मंजुरी आल्याशिवाय छपाई सुरू करायची नाही, ही अट प्रस्तावातच लिहावी. गटाचे पाऊच वाया जाण्यापासून वाचवणारी हीच ओळ असते.