एकुलते अपत्य : लेखांक ६ – सांभाळणारी व्यक्तीच आजारी पडते तेव्हा

वृद्ध जोडप्याच्या घरात बहुधा एक जण दुसऱ्याला सांभाळत असतो. वडिलांचे विस्मरण वाढत गेले, तरी आई गोळ्या वेळेवर देते, चष्मा शोधून देते, आलेल्या पाहुण्याचे नाव हळूच सांगते आणि घर चालू राहते. परगावी राहणाऱ्या एकुलत्या मुलाला किंवा मुलीला त्यामुळे वाटते की आईवडील एकमेकांना धरून आहेत, ठीक चालले आहे. प्रत्यक्षात सगळा भार आईवर असतो आणि तिच्या जागी उभे राहायला दुसरे कोणी नसते.

हे ओळखण्याच्या खुणा साध्या असतात. फोन नेहमी आईच उचलते. प्रश्न वडिलांना विचारला तरी उत्तर तिच्याकडून येते. तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत लांबत जाते. खात्री करून घेण्याचा चांगला मार्ग म्हणजे आईला दोन दिवस बहिणीकडे पाठवून अपत्याने वडिलांजवळ एकट्याने राहणे. रात्री ते किती वेळा उठतात, गॅस चालू ठेवतात का, आंघोळ केल्याचे आठवते का, हे तेव्हाच कळते.

एक काल्पनिक पण नेहमी घडणारे उदाहरण घेऊ. आईवडील सांगलीत आणि एकुलती मुलगी पुण्यात नोकरीला. आई न्हाणीघरात घसरते आणि खुब्याचे हाड मोडते. अशा वेळी शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी असे मानले जाते, कारण अंथरुणाला खिळल्याने न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांना संमतिपत्रावर सही हवी असते आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का हेही कळायला हवे असते, कारण त्यावर भूल आणि शस्त्रक्रियेची वेळ ठरते. आईच्या गोळ्या मुलीला ठाऊक नसतात आणि वडिलांना सांगता येत नाहीत. रुग्णालयात आईजवळ माणूस लागतो. त्याच वेळी घरी वडील ‘ही कुठे गेली’ म्हणून दाराबाहेर पडू लागतात. भावंड असते तर एक जण इथे आणि एक तिथे थांबला असता. मुलगी मात्र एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते.

म्हणून एकट्या अपत्याने पहिली सोय करायची ती धडधाकट दिसणाऱ्या व्यक्तीच्या आजारपणाची. ब्यूरोतून आयत्या वेळी आलेल्या अनोळखी माणसाला विस्मरणाचा रुग्ण घरात घेतही नाही. त्यामुळे गरज नसतानाच रोज दोन-तीन तासांसाठी एखाद्या मावशींना किंवा मामांना ठेवावे. चेहरा ओळखीचा झाला की अडचणीच्या दिवशी तेच पूर्ण दिवस थांबू शकतात. आईला हा खर्च वायफळ वाटतो आणि ती विरोध करते. पण तिच्या होकाराची वाट पाहत बसणे हीच इथली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

दुसरी अडचण पैशाची. घरातली बचत आणि ठेवी एकट्या वडिलांच्या नावावर असतात. हात थरथरत असेल, पण समज शाबूत असेल, तर अंगठा आणि दोन साक्षीदारांवर पैसे काढता येतात. त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. समजच गेली असेल तर ही वाट बंद होते. पुष्कळ घरांत ‘कुलमुखत्यारपत्र करून ठेवले आहे’ असा भरवसा असतो. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मानसिक भान गेले की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो उपयोगाचा राहत नाही. नामनिर्देशनही मृत्यूनंतरच लागू होते.

त्यामुळे वडिलांना व्यवहार कळत असतानाच त्यांच्या संमतीने बचत खात्यात मुलीचे नाव घालून ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’, म्हणजे बँकेच्या भाषेत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, अशी सूचना नोंदवावी. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ लिहिले गेले, तर वडील हयात असेपर्यंत मुलीला पैसे काढता येत नाहीत. फॉर्मवरच्या या एका शब्दाकडे फार कमी जण लक्ष देतात. मुदत ठेव मुदतीआधी मोडायची झाल्यास एकाची सही चालेल का, हेही त्याच भेटीत विचारून लेखी नोंदवून घ्यावे.

ही वेळ निघून गेली असेल, तर पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागते. समज गमावलेल्या वृद्धाच्या मालमत्तेसाठी सरळ, सोपी कायदेशीर तरतूद नसल्याने अशी प्रकरणे अनेकदा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जातात. वैद्यकीय तपासणी, मालमत्तेची यादी, इतर नातेवाइकांची हरकत नाही ना याची खात्री, असे टप्पे त्यात असतात. आदेश हाती येईपर्यंत रुग्णालयाचे बिल मुलीला स्वतःच्या खिशातूनच भरावे लागते.