भाकरी चावताना दुखणारा जबडा

बहात्तर वर्षांच्या एका आजींचं उदाहरण घेऊ. जेवायला बसल्या की पहिले काही घास नीट जातात, मग कानापुढचा जबडा भरून येतो आणि दुखू लागतो. घटकाभर थांबलं की दुखणं ओसरतं, पुन्हा चावायला लागलं की परत सुरू. दाताच्या डॉक्टरांना दातांत काहीच सापडत नाही. केस विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळते, त्या कुशीवर उशी टोचते. मग एके सकाळी उजव्या डोळ्यापुढे पडदा येतो आणि दोन-तीन मिनिटांत निघून जातो.

या तीनही तक्रारींचं मूळ एक असू शकतं: जायंट सेल आर्टरायटिस, म्हणजे डोक्याकडे जाणाऱ्या धमन्यांचा दाह. पन्नाशीनंतरच होणारा हा आजार सत्तरीपुढे जास्त दिसतो आणि बायकांमध्ये अधिक आढळतो. उत्तर युरोपच्या मानाने आपल्याकडे तो कमी आहे, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही.

दाहामुळे धमनीची भिंत सुजते आणि आतली वाट अरुंद होते. स्वस्थ असताना तेवढं रक्त जबड्याच्या स्नायूला पुरतं, चावताना मात्र कमी पडतं. म्हणून दुखणं चावल्यावर वाढतं आणि थांबल्यावर शमतं. सांध्याचं दुखणं असेल तर सहसा तोंड उघडतानाच कळ येते किंवा कटकन आवाज होतो. किडलेला दात थंड-गरम लागलं की ठणकतो.

डोळ्याच्या नसेला रक्त देणाऱ्या बारीक धमन्याही अशाच बंद होऊ शकतात. तसं झालं तर गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही, आणि उपचार न झाल्यास काही दिवसांत किंवा आठवड्यांत दुसरा डोळाही जाऊ शकतो. क्षणभर आलेला पडदा ही त्याची पूर्वसूचना असते.

म्हणून आजींना त्याच दिवशी रुग्णालयात न्यायला हवं. तिथे रक्ताच्या ईएसआर आणि सीआरपी तपासण्या होतात. बहुतेक रुग्णांत त्या वाढलेल्या असतात, पण सगळ्यांत नाही. कानशिलावरच्या धमनीची सोनोग्राफी करतात किंवा तिचा छोटा तुकडा काढून तपासतात. दाट संशय असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात: प्रेडनिसोलोन साधारण ४० ते ६० मिलिग्रॅम रोज, दृष्टीला धोका असेल तर आधी शिरेतून मोठा डोस. औषध सुरू झाल्यावरही एक-दोन आठवडे त्या तुकड्यात दाहाच्या खुणा सापडतात, त्यामुळे निदान हुकण्याच्या भीतीने थांबायचं कारण नसतं.

डोकेदुखी आणि जबड्याचं दुखणं बहुधा काही दिवसांतच कमी होतं. गोळ्या मात्र हळूहळू उतरवत वर्ष-दोन वर्षं घ्याव्या लागतात. त्या काळात साखर, रक्तदाब आणि हाडं सांभाळावी लागतात. बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने बंद केली, तर दाह पुन्हा उसळू शकतो.