उशिरा पोहोचणारी पार्सले आणि एक नेमके पत्र

कोल्हापुरी चपला कुरिअरने गावोगाव पाठवणाऱ्या दुकानदाराचे उदाहरण घेऊ. लग्नासाठी मागवलेला जोड लग्न उरकल्यावर नागपूरला पोहोचतो. ग्राहक तो घेत नाही, पार्सल परत येते आणि जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे दुकानदाराच्या बिलात लागते. चिडून तो कंपनीला पत्र लिहितो: ‘तुमची सेवा अत्यंत खराब आहे.’ उत्तरात दिलगिरी येते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच घडते.

अशा पत्रातून काही निघत नाही, कारण कंपनी बांधलेली असते ती कराराला आणि पावतीमागच्या बारीक अक्षरांतल्या अटींना. बहुतेक पावत्यांवर पोहोचण्याचे दिवस ‘अंदाजे’ असतात आणि भरपाईची मर्यादा आधीच ठरलेली असते. तिरुपूरच्या एका कापड निर्यातदाराची कागदपत्रे जर्मनीला वेळेत पोहोचली नाहीत, त्यामुळे मालाचा हंगाम हुकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1996 मध्ये निकाल लागला, की सही केलेल्या पावतीवर शंभर डॉलरची मर्यादा असल्याने भरपाई तेवढीच. म्हणून मुळात अटी बदलून घ्यायला हव्यात आणि पत्र त्यासाठी लिहायचे.

त्याआधी उशीर नेमका कुठे होतो ते शोधावे. डॉकेट नंबर टाकला की पार्सलचा प्रवास टप्प्याटप्प्याने दिसतो: पिकअप, पहिले हब, मधली वाहतूक, वाटपाला निघाले, पोहोचले. समजा, महिन्यात 80 पार्सले गेली आणि 18 उशिरा पोहोचली. त्यांपैकी 11 पार्सलांची हबमधली पहिली नोंद दुसऱ्या दिवशीची निघाली, म्हणजे माल दुकानातून उशिरा उचलला गेला आणि रात्रीची गाडी चुकली. 5 पार्सलांवर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा आहे, पण ग्राहक म्हणतात की फोनच आला नाही. दोनच पार्सले वाटेत रखडली. म्हणजे दोष मुख्यतः स्थानिक शाखेचा आणि वाटप करणाऱ्यांचा आहे. हा हिशेब हाती आल्यावर पत्र असे लिहिता येते:

‘प्रति, शाखा व्यवस्थापक यांस,
विषय: पार्सलांना होणारा वारंवार उशीर व करारातील अटींत बदल.

महोदय, गेल्या महिन्यात आपल्यामार्फत पाठवलेल्या 80 पैकी 18 पार्सले उशिरा पोहोचली. डॉकेट नंबर, बुकिंगची व पोहोचल्याची तारीख यांचा तक्ता सोबत जोडला आहे. आमच्या मागण्या अशा:
1. पिकअप रोज चारपर्यंत व्हावे आणि हबमधील नोंद त्याच दिवशी व्हावी.
2. प्रत्येक विभागासाठी पोहोचण्याचे दिवस करारात लिहावेत.
3. त्याहून दोन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्यास त्या पार्सलचे भाडे पुढील बिलातून वजा करावे. उशिरामुळे ग्राहकाने माल नाकारल्यास परतीचे भाडे लावू नये.
4. ग्राहकाला फोन केल्याची नोंद असल्याशिवाय “उपलब्ध नाही” हा शेरा मारू नये.

आमच्याकडून साडेतीनपर्यंत पार्सले बांधून, पिनकोड व फोन नंबर लावून तयार असतील. महिन्याला किमान 75 पार्सले सहा महिने आपल्याकडेच देण्याची आमची तयारी आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.’

या पत्राचे बळ शेवटच्या परिच्छेदात आहे. शाखेला बांधील धंदा हवा असतो, म्हणून मागणीसोबत हमी दिली की बोलणी सुरू होतात. मागणी भाड्यापुरती ठेवली आहे, त्यामागेही कारण आहे: बुडालेल्या नफ्याची भरपाई कंपनी सहसा मान्य करत नाही, एका पार्सलचे भाडे सोडायला मात्र ती तयार होऊ शकते.

काही उशीर मात्र सोडून द्यावे लागतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता. अशा दिवसांची पार्सले तक्त्यातून वगळावीत. ती घातली तर कंपनी त्यांच्यावरच बोट ठेवते आणि बाकीचा हिशेबही संशयास्पद ठरतो.

पार्सल हरवले किंवा माल खराब झाला तर गोष्ट वेगळी. रस्ते मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्यात कुरिअर संस्थाही येतात आणि दावा लावायचा तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरची तक्रार तिथे चालत नाही.

कंपनीने अटी मान्य केल्या तर त्या करारपत्रात सही-शिक्क्यानिशी घ्याव्यात, कारण शाखेचा माणूस बदलला की तोंडी शब्द त्याच्याबरोबर जातो. दुकानदार बंधू-भगिनींनो, पुढचे बिल भरण्याआधी महिन्याचा तक्ता मांडा आणि तो बिलाच्या रकमेशेजारी ठेवूनच बोलणी करा.