काच उघडते कडेपासून

सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस मालिकेत २०१५ सालच्या एस-६पासून पाठीला काच आली. ती स्क्रूवर नाही, कडेच्या चिकट पट्टीवर टिकते. म्हणून बॅटरी बदलताना कारागीर आधी ही पट्टी मऊ करतो.

फोन बंद करून, चार्जिंग पाव भागाच्या खाली आणून तो खालची कड दोन-तीन मिनिटं शेकतो. काच हाताला चटका देऊ लागली, पण बोट क्षणभर टेकवता आलं, की पुरे. जास्त तापवलं तर आतली बॅटरी धोक्यात येते.

मग सक्शन कप कडेलगत बसतो, मधोमध नाही. मध्यभागी ओढलं की काच वाकते आणि तडकते. खेच हळू, पण सलग. केसाएवढी फट दिसताच प्लॅस्टिकची पातळ पट्टी आत जाते, तीही काही मिलिमीटरच. पट्टी अडली तर जोर न करता पुन्हा शेक. कोपऱ्यांवर काच वळते, तिथेच ती जास्त फुटते. मोकळ्या झालेल्या कडेत पट्ट्या तशाच ठेवतात, नाहीतर गार झालेला गोंद पुन्हा धरतो.

आधीच तडा असेल तर हवा शिरून कप सुटतो. तेव्हा काचेवर आधी रुंद चिकटपट्टी लावतात. बंद करताना गोंदपट्टी नवी लागते, तरी पाण्यापासूनचं मूळ संरक्षण गृहीत धरता येत नाही.