पॅचच्या खोक्यातला घडीचा कागद

तंबाखू सोडण्यासाठी निकोटिनचा पॅच विकत घेतला की खोक्यात बारीक अक्षरांचा एक घड्या घातलेला कागद असतो. तो बहुधा इंग्रजीत असतो आणि बरेच जण न उलगडताच टाकून देतात. जे उलगडतात त्यांतल्या काहींची नजर ‘हृदयविकार’ किंवा ‘गर्भारपण’ या शब्दांवर अडते. मग पॅच कपाटात जातो आणि विडी-सिगारेट पुन्हा हातात येते. कागद न वाचण्यापेक्षा असा अर्धवट वाचणं जास्त महागात पडतं.

पॅचमध्ये फक्त निकोटिन असतं. सिगारेटच्या धुरात निकोटिनबरोबर कार्बन मोनॉक्साइड असतो, टार असतं आणि इतर हजारो रसायनं असतात. शिवाय झुरका मारल्यावर निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं, तर पॅचमधलं निकोटिन कातडीतून झिरपत रक्तात चढायला काही तास घेतं. म्हणून पॅचनं तलफ दबते, पण झुरक्याचा झटका मिळत नाही. कागदावरचा प्रत्येक इशारा वाचताना एकच प्रश्न विचारायचा: हा धोका कशाच्या तुलनेत सांगितलाय? निकोटिन अजिबात न घेणाऱ्याच्या तुलनेत, की रोज धूर घेणाऱ्याच्या तुलनेत?

इशाऱ्यांच्या तीन पायऱ्या असतात आणि त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. पहिली पायरी ‘वापरू नका’. यात निकोटिनची किंवा पॅचमधल्या एखाद्या घटकाची ॲलर्जी असलेले येतात. तंबाखू कधीच न घेणाऱ्यांनीही त्याच्या वाटेला जायचं नाही. दुसरी पायरी ‘वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा’. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मधुमेह, पोटातला अल्सर, फेफरं, त्वचेचे आजार आणि गर्भारपण या गोष्टी आजच्या बऱ्याच कागदांवर इथे असतात. तिसरी पायरी ‘वापर थांबवा आणि डॉक्टरांकडे जा’. ती पॅच लावल्यानंतर काय झालं तर काय करायचं ते सांगते. घाबरून पॅच ठेवून देणारे बहुतेक जण दुसरी पायरी पहिली समजून वाचत असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, ५४ वर्षांच्या एका ट्रकचालकाला हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली आणि दहाव्या दिवशी तो घरी बसून पॅचचा कागद वाचतोय. आजवर तो दिवसाला १५ सिगारेटी ओढायचा. कागदातला मात्रेचा तक्ता सांगतो की, दिवसाला १० पेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यानं सहा आठवडे २१ मिलिग्रॅमचा, मग दोन आठवडे १४ चा आणि शेवटचे दोन आठवडे ७ चा पॅच लावावा. नुसता तक्ता पाहिला तर त्यानं उद्या सकाळीच २१ चा पॅच चिकटवायला हरकत नाही. पण तक्ता लागू होतो तो इशाऱ्यांच्या चाळणीतून पार पडलेल्यांना, आणि ‘अलीकडे आलेला झटका’ या ओळीशी या गृहस्थाला थांबायलाच हवं.

इथे थांबायचं कारण साधं आहे. निकोटिन नाडीचा वेग वाढवतं, रक्तदाब चढवतं आणि रक्तवाहिन्या आकसवतं. नुकत्याच दुखावलेल्या हृदयाची लय सहज बिघडू शकते. म्हणून झटक्यानंतरचे पहिले दोन आठवडे, लयीचे गंभीर विकार आणि बसल्याजागी येणारं किंवा वाढत चाललेलं छातीतलं दुखणं, या तीन परिस्थितींत डॉक्टर विशेष जपून निर्णय घेतात. आपला ट्रकचालक अजून त्या दोन आठवड्यांच्या आतच आहे. त्यानं हृदयरोगतज्ज्ञांना चार गोष्टी सांगायच्या: झटका कोणत्या तारखेला आला, घरी आल्यावर छातीत दुखलं का, धडधड होते का, आणि घरी मोजलेला रक्तदाब किती आहे. त्यावरून डॉक्टर ठरवतील की पॅच आजच लावायचा, कमी ताकदीचा लावायचा, की थोडं थांबायचं.

तोवर एखादी सिगारेट चालेल का? मुळीच नाही. सिगारेटमध्येही तेच निकोटिन आहे आणि ते जास्त वेगानं येतं. वर कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतो आणि धुरानं रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते. १९९६ साली अमेरिकेत हृदयविकाराच्या ५८४ बाह्यरुग्णांवर दहा आठवड्यांचा अभ्यास झाला. काहींना खरा पॅच दिला, काहींना निकोटिन नसलेला. खऱ्या पॅचवाल्यांत हृदयाच्या गंभीर घटना वाढल्या नाहीत. मात्र ते घरून ये-जा करणारे, बऱ्यापैकी स्थिर रुग्ण होते. रुग्णालयात दाखल असलेल्याला किंवा नुकताच झटका येऊन गेलेल्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

जुन्या कागदांवर हृदयरुग्णांसाठी आणि गर्भवतींसाठी सरसकट मनाई असायची. ब्रिटनमध्ये २००५ साली ही भाषा बदलून दोघांनाही सल्ल्यानं वापर करण्याची वाट मोकळी करण्यात आली. त्यामुळे दोन कंपन्यांचे कागद शेजारी ठेवले तर एकाचा सूर मनाईचा आणि दुसऱ्याचा विचारून घेण्याचा दिसू शकतो. तेव्हा ‘हे चालतं का’ असं मोघम विचारण्यापेक्षा कागदच डॉक्टरांपुढे ठेवावा.

गर्भारपणाबद्दल कागदात सहसा दोन वाक्यं असतात आणि ती उलटसुलट वाटतात. पहिलं म्हणतं, शक्यतो कोणतंही औषध न घेता तंबाखू सोडा. दुसरं म्हणतं, ते जमत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं हे वापरा. धूम्रपानापेक्षा ते सुरक्षित मानलं जातं, पण बाळावरचे सगळे परिणाम अजून ठाऊक नाहीत. दोन्ही वाक्यं खरी आहेत, कारण त्यांची तुलना वेगवेगळी आहे. निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोहोचतं, म्हणून निकोटिनशिवायचे नऊ महिने सर्वांत चांगले. पण आई रोज सिगारेट ओढतच राहणार असेल, तर कार्बन मोनॉक्साइडसकट धूर घेण्यापेक्षा नुसतं निकोटिन कमी वाईट.

ब्रिटनमधली पद्धत अशी की, गर्भवतीला तलफ येईल तेव्हाच घेता येणारं च्युइंगगम किंवा चघळायची गोळी आधी सुचवायची, म्हणजे दिवसभरात पोटात जाणारं निकोटिन कमी राहतं. मळमळीमुळे तोंडात काही धरवत नसेल तर पॅच, आणि तोही रात्री झोपताना काढून ठेवायचा. तिथेच १,०५० गर्भवतींवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॅचचा फायदा पहिल्या महिन्यात दिसला, पण प्रसूतीपर्यंत टिकला नाही. बहुतेकींनी महिनाभरातच पॅच वापरणं सोडलं होतं. गर्भारपणात शरीर निकोटिनचा निचराही नेहमीपेक्षा लवकर करतं, त्यामुळे ठरावीक मात्रा अपुरी वाटू शकते. मात्र मात्रा वाढवायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

महाराष्ट्रात इथे आणखी एक अडचण येते. कागद सिगारेटी मोजतो, आणि आपल्याकडच्या अनेक बाया सिगारेटला हातही लावत नाहीत. त्या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तिचं निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरतं. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला त्या खरं तेच उत्तर देतात, ‘नाही’. म्हणून तपासणीच्या वेळी मिश्री, खैनी, गुटखा, जे असेल ते नाव घेऊन सांगायला हवं. गर्भवतींवरच्या चाचण्या प्रामुख्यानं सिगारेट ओढणाऱ्यांवर झाल्या आहेत. मिश्रीच्या बोटांवरून पॅचची ताकद ठरवणारा तक्ता कागदात सापडणार नाही.

आता त्वचा. सोरायसिस, एक्झिमा किंवा साध्या चिकटपट्टीनंही पुरळ उठत असेल तर पॅच घेण्याआधी विचारायला हवं. अशा त्वचेवर पुरळ लवकर उठतं, आणि सोललेल्या, चिरलेल्या जागेतून निकोटिन ठरल्यापेक्षा जास्त वेगानं आत शिरू शकतं. निरोगी कातडी असलेल्यांनीही दंडाची किंवा छातीची स्वच्छ, कोरडी, केस कमी असलेली जागा निवडावी, रोज जागा बदलावी आणि तीच जागा आठवडाभर पुन्हा वापरू नये. पॅच कात्रीनं कापायचा नाही. लावून झाल्यावर हात धुवायचे, कारण बोटाला लागलेलं निकोटिन डोळ्यांत गेलं तर झोंबतं.

पॅच लावल्यावर पहिल्या तासात थोडी खाज सुटणं आणि काढल्यावर पॅचच्याच आकाराचा गुलाबी चौकोन दिसणं, हे नेहमीचं आहे. लाली चार दिवसांत गेली नाही, सूज आली, पाण्याचे फोड उठले, पॅचच्या कडेबाहेर पुरळ पसरलं किंवा पॅचपासून लांब अंगावर गांधी उठल्या, तर पॅच काढून डॉक्टरांना दाखवायचं. ही ॲलर्जी निकोटिनचीच निघाली तर पुढे सिगारेट किंवा निकोटिनचं दुसरं उत्पादनही त्रास देऊ शकतं. ती फक्त चिकट थराची असेल तर च्युइंगगमचा मार्ग उरतो. ते साध्या च्युइंगगमसारखं सतत चावायचं नसतं. चव झणझणली की गालात धरून ठेवायचं, चव उतरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. आधीची पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा-कॉफी टाळायची, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

पॅच लावल्यावर त्रास झाला तर तो निकोटिन जास्त झाल्याचा की तंबाखू सुटल्याचा, हे लक्षणांवरून बरंचसं कळतं. मळमळ, उलटी, चक्कर, थंड घाम आणि छातीत धडधड ही जास्त झाल्याची खूण. चिडचिड, भूक वाढणं आणि सारखी तलफ येणं हे बहुधा कमी पडल्याचं लक्षण. जास्त झाल्यासारखं वाटलं तर पॅच काढा, जागा साध्या पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखलं तर फोनवर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. वापरलेल्या पॅचमध्येही लहान मुलाला विषबाधा होण्याइतकं निकोटिन उरतं. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

सल्ला कुणाला विचारावा हेच कळत नसेल तर तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे. हृदयरुग्ण आणि गर्भवतींनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅच लावू नये. आणि ते उत्तर येईपर्यंत सिगारेट किंवा मिश्रीकडे परत जाण्याची परवानगी या कागदातली एकही ओळ देत नाही.